कढीपत्त्यावरचा कापूस

"अगं, हा कापूस चालतोय बघ," ह्यांनी बाल्कनीतून हाक मारली. माझा हात कणकेत होता. "चालू दे, कुठे जायचं असेल त्याला," मी आतूनच म्हणाले. मग माझंच वाक्य माझ्या कानात शिरलं आणि मी कणीक तशीच सोडून बाहेर धावले. कढीपत्त्याच्या कुंडीपाशी हे वाकून उभे होते. फांदीवर काहीच नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या घरात यावर हसून विषय संपला असता. पण आमच्या ह्यांना वर्षभरापूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं होतं. तळोज्याच्या कंपनीत उभा जन्म पाळ्या करून निवृत्त झालेल्या माणसाचा उजवा हात थरथरायला लागला, आणि चहाचा कप बशीत वाजायला लागला. मग वाशीच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि थोडी जादूच झाली. हे पुन्हा स्वतःची बटणं स्वतः लावू लागले. डॉक्टरांनी बजावलं मात्र होतं, "काका, नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या, माणसं म्हणा, किडे म्हणा, तर लगेच कळवायचं. मग गोळ्या कमी कराव्या लागतील. मनाने बंद मात्र करायच्या नाहीत."

म्हणून त्या चालत्या कापसाची मला भीती वाटली. कापूस खरा असेल तर बटणं राहणार होती. खोटा असेल तर जाणार होती, आणि बटणांबरोबर आणखी काय काय, ते मला सांगताही येत नव्हतं.

दोन दिवसांनी मलाही तो दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा काहीतरी जीव, मागे पांढऱ्या तंतूंचा पिसारा. मी मोबाइल जवळ नेला तर टुणकन उडाला आणि दुसऱ्या पानावर बसला. मी इतकी खूश झाले की किड्याला बघून ओरडायचं राहूनच गेलं. दोन फोटो काढले. फोटोत मात्र तो पुन्हा कापूसच दिसत होता. पाय नाहीत, डोळे नाहीत. मी खरंच पाहिला होता की ह्यांचं ऐकून ऐकून मलाही तसं दिसलं? नवऱ्याच्या भ्रमात बायको वाटेकरी होते का, हे कुणाला विचारायचं तेच कळेना.

तेवढ्यात ह्यांनी आपल्या मोबाइलमधले दोन फोटो दाखवले. "बेडरूमच्या भिंतीवर आलावता. कपाटाच्या शेजारी." पांढरी भिंत, हललेला फोटो. मला काही दिसलं नाही. हात थरथरला असेल, असं मी म्हणाले. 

मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. शंका आली की आम्ही पत्र लिहितो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्राणिशास्त्र विभागात कीटकांवर काम करणाऱ्या एका मॅडमचा पत्ता सापडला. मी मेल लिहिला. विषय: कीटकाची ओळख पटवून खात्री करून मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून, कामोठे येथील आमच्या राहत्या घरी एक कीटक आढळला असून चार छायाचित्रे सोबत जोडली आहेत. गोळ्यांचा, बटणांचा, डॉक्टरांचा उल्लेख केला नाही. परक्या बाईला घरातलं कशाला सांगायचं? शेवटी सवयीने लिहिलं, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. हे वाचून हसले. "किड्याची बदली करायचीय का?"

उत्तर लवकर आलं, पण त्यात उत्तर नव्हतंच. उलट मॅडमनीच प्रश्न विचारले होते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून एका मोबाइलमधून दुसऱ्यात घेतलेत का? त्यात बारकावे जातात, मूळ फोटो पाठवा. शेजारी पट्टी धरून एक, बाजूने एक. कोणतं झाड? हात नेला की उडतो का? आणि हा रस शोषणारा कीटक वाटतो, तो झाडावरच राहतो. मग भिंतीवरचा आणि झाडावरचा एकच, हे तुम्ही कशावरून म्हणता?

कशावरून म्हणजे? ह्यांनी सांगितलं म्हणून. नवरा म्हणाला, हे शास्त्रात चालत नसावं.

मग मी शाळेची पट्टी घेऊन बाल्कनीत बसले. हे सावकाश पान उलटं करायचे, मी फोटो काढायचे. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका कामाला असे पहिल्यांदाच बसलो असू. बाजूने काढलेल्या एका फोटोत डोळा आला, पाय आले. मूळ फोटो सगळे पाठवले, भिंतीचेही, आणि या वेळी खरं तेही लिहिलं. मॅडम, मला नाव नको. माझ्या मिस्टरांना चालणारा कापूस दिसतो, तो आहे की नाही, एवढंच सांगा. त्यावर त्यांच्या गोळ्या अवलंबून आहेत.

दुसरं उत्तर यायला वेळ लागला. मी ते ऑफिसात उघडलं नाही. घरी आणलं, ह्यांना बाल्कनीतल्या खुर्चीवर बसवलं आणि मोठ्याने वाचलं.

कढीपत्त्यावरचा जीव कीटकच आहे, तुडतुड्यांच्या नात्यातल्या एका कीटकाचं पिल्लू. शेपटीचे तंतू कापसाचे नाहीत, ते मेण आहे, त्याच्याच अंगातून येतं. नेमकी जात पिल्लाच्या फोटोवरून सांगता येणार नाही, त्यासाठी पंख फुटलेला प्रौढ कीटक लागेल. पण हा खरा आहे, आणि तुमच्या मिस्टरांनी त्याचं वर्णन अगदी बरोबर केलं आहे.

"भातावरचे तुडतुडे लहानपणापासून बघतोय मी," हे म्हणाले. "त्यांना असलं शेपूट कुठं अस्तंय." पण चेहरा फुलला होता. मलाही रडू येईल इतका आनंद झाला. मग माझी नजर पुढच्या ओळींवर गेली आणि आवाज थांबला.

"वाच की."

"झालं. शुभेच्छा वगैरे लिहिल्यात."

"भिंतीवरच्याचं काय लिहिलंय?"

मी वाचलं. भिंतीच्या दोन फोटोंत मला कीटक दिसत नाही. उजेड वाढवून पाहिला, विद्यार्थ्यांनाही दाखवले. तो फोटोच्या आधी उडून गेलेला असू शकतो, त्यामुळे तिथे काही नव्हतंच असं मी म्हणू शकत नाही. डॉक्टरांना मात्र दोन्ही सांगा.

म्हणजे काय झालं? अर्धं खरं, अर्धं माहीत नाही. मला त्या बाईचा राग आला. इतकं शिकून एक हो किंवा नाही देता येत नाही? मी म्हणाले, "बरोबर आहे, उडाला असेल. उडतोच तो."

हे कढीपत्त्याकडे बघत होते. "झाडावरचा उडतो," ते म्हणाले. "भिंतीवरचा न्हाई उडत. हात लावला तरी तिथंच अस्तो. आणि हाताला काय लागत न्हाई."

"मग त्याचा फोटो कशाला काढलात?"

"मलाबी विचारायचंच होतं की," हे म्हणाले. "तुला विचारलं अस्तं तर तू घाबरली अस्तीस."

मी डॉक्टरांकडे फोन लावला. संध्याकाळची वेळ मिळाली. बाहेर जायचा शर्ट आणून दिला आणि वरच्या बटणाला हात घातला, तर ह्यांनी माझा हात बाजूला केला.

"आज मी लावतो," ते म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."

एकेक बटण त्यांनी सावकाश लावलं. मी दारात चपला घालून उभी होते, आणि शेवटचं बटण लागेपर्यंत मी त्यांना चला म्हणाले नाही.