अठ्ठेचाळीस टब आणि एक बस

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी नळांच्या धंद्यात पडलो. त्याआधी नागपूरच्या एका महाविद्यालयात गणित शिकवत होतो. म्हणजे फळ्याकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होतो, आणि मागच्या बाकांवरची मुले आपापल्या गप्पा मारत होती. इंजिनिअरिंगची परीक्षा मी उशिरा आणि घरात फारसे न सांगता दिली. उत्तीर्ण झालो तेव्हा भिलाईला कारखान्याबरोबर नवे शहर उभे राहत होते आणि तेथे माणसे हवी होती, इतकी की माझ्यासारखाही चालला. नेमणूक मात्र तात्पुरती होती. काम पाहून कायम करू, असे आमच्या खात्याच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले. कायम झाल्याशिवाय क्वार्टर नाही, आणि क्वार्टर मिळाल्याशिवाय पत्नी नागपूर सोडणार नव्हती. तिचे म्हणणे रास्तच होते. मी राहत होतो त्या बॅचलर होस्टेलच्या खोलीत दोन माणसे उभी राहिली, तर तिसरी वस्तू म्हणून खाटेलाच बाहेर जावे लागले असते.

ज्या कामावरून मला जोखले जाणार होते ते होते परदेशी तज्ज्ञांसाठी बांधले जाणारे हॉटेल. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर सोळा खोल्या, आणि प्रत्येक खोलीला बेसिन, फ्लशची टाकी आणि आंघोळीचा टब. टब ही वस्तू आमच्यापैकी बहुतेकांनी तेव्हा प्रथमच जवळून पाहिली. भंडाऱ्याकडून आलेले आमचे प्लंबर मिस्त्री ते पांढरे टब ट्रकमधून उतरताना पाहून म्हणाले होते, "मास्तर, हे तं आमच्या गावच्या बैलाच्या हौदापेक्षा लहान हायेत." मी पूर्वी शिकवत होतो हे कळल्यापासून ते मला मास्तरच म्हणत.

गच्चीवर पाण्याची टाकी आणि तिच्यातून खाली उतरणारा थंड पाण्याचा मुख्य पाइप, अशी रचना होती. तो पाइप किती जाड घ्यायचा, एवढाच प्रश्न. साहेबांनी सरळ बेरीज केली होती: प्रत्येक नळाला मिनिटाला किती गॅलन पाणी लागेल, गुणिले सगळे नळ. उत्तर आले सहा इंची पाइप. तो स्टोअरमध्ये नव्हता. रात्रंदिवस पोलाद ओतू पाहणाऱ्या त्या गावात लोखंडाचा पाइप मिळू नये, ही गंमत तेव्हा कोणालाच गमतीची वाटत नव्हती.

"गणितवाले, तुम्ही बघा," साहेब म्हणाले. "हा आकडा उतरतो का?"

आकडा उतरवण्याची रीत मी अभ्यासात शिकलो होतो. तिचे मूळ साधे आहे. सगळे नळ एकाच वेळी कोणी उघडत नाही. टब भरायला बराच वेळ लागतो आणि पाणीही पुष्कळ, पण तो दिवसातून एखाद्याच वेळी भरला जातो. बेसिनचा नळ क्षणभर वाहतो. म्हणून प्रत्येक उपकरणाला त्याचा वेग, वेळ आणि वापर पाहून एक वजन दिलेले असते. त्याला लोडिंग युनिट म्हणतात. टबाला दहा, फ्लशच्या टाकीला दोन, बेसिनला दीड. म्हणजे एका खोलीला साडेतेरा. सगळ्या खोल्यांची युनिटे मिळवायची आणि आलेख पाहायचा. त्या आलेखाची रेषा सरळ चढत नाही, पुढे पुढे ती मंदावते. युनिटे दुप्पट झाली म्हणून पाणी दुप्पट लागत नाही, कारण माणसे जितकी अधिक, तितके त्यांचे एकाच क्षणी नळाशी भेटणे विरळ.

माझे उत्तर साहेबांच्या बेरजेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आले. तीन इंची पाइप पुरत होता. साहेब खूश झाले आणि स्टोअरमधला सगळा तीन इंची पाइप त्यांनी हॉटेलच्या नावावर उचलला. मिस्त्री मात्र कागदाकडे संशयाने पाहत राहिले.

"पाचवा हिस्साच पाणी लागन? अन् बाकीचे चार हिस्से काय करून राहिले म्हणता?"

"बाकीचे त्या वेळी आंघोळ करत नसतात," मी म्हणालो.

"कावून?"

या एका ‘का’ला माझ्याजवळ उत्तर होते, पण ते फळ्यावरचे होते.

दुसरे उत्तर मला होस्टेलच्या न्हाणीघरात मिळाले. रांगेत उभे राहून, खांद्यावर पंचा टाकून अनोळखी लोकांशी गप्पा मारणे मला जमत नसे. म्हणून मी पहाटेच, सगळे झोपलेले असताना आंघोळ उरकत असे, आणि त्या वेळी पाणी नेहमी धो धो येई. एका पहाटे नळाची चावी बदलण्यासाठी पाणी बंद होते, आणि मला संध्याकाळी, भोंगा झाल्यानंतर, सर्वांबरोबर जावे लागले. तेव्हा कळले की होस्टेलमधल्या माझ्या शेजाऱ्यांची आंघोळ म्हणजे काय असते. भोंगा वाजला, लाल मुरमाने माखलेली माणसे आली, खालचे सगळे नळ एकदम उघडले आणि वरच्या मजल्यावर मी साबण लावून उभा राहिलो, तो उभाच राहिलो. माझ्या नळातून एक सुस्कारा आला. शेजारी उभा असलेला क्रेन चालवणारा म्हणाला, "भाऊसाहेब, नवीन आहात का? इथं आधी खालच्यांचं होतं, मग आपलं."

अंगावरचा साबण वाळत असताना मी हॉटेलचा विचार करत होतो. माझा आलेख गृहीत धरतो की प्रत्येक माणूस आपल्या लहरीने नळाकडे जातो, एकाचे जाणे दुसऱ्यावर अवलंबून नाही. नाणी वेगवेगळी उडवली तर सगळी एकदम छापा पडणे दुर्मीळ. पण सगळी नाणी एकाच पट्टीला चिकटवून उडवली, तर? तज्ज्ञ मंडळी कारखान्यातून एकाच बसने येणार होती. भट्ट्यांजवळच्या उन्हातून आणि धुळीतून, मे महिन्यात. खोलीत शिरल्यावर ती वर्तमानपत्र वाचत बसणार नव्हती. अठ्ठेचाळीस टबांचे नळ बस थांबल्यापासून काही मिनिटांत उघडणार, आणि गच्चीच्या टाकीला सर्वांत जवळचा, म्हणून सर्वांत कमी दाबाचा वरचा मजला कोरडा राहणार होता. त्यात भर म्हणजे पाइप भिंतीत गाडायचे होते. गिलावा करणारे पुढच्या आठवड्यात येत होते.

साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आतून आवाज आला, "या या, सावली दिसते आहे तुमची."

मी सांगितले. साहेबांनी चष्मा काढला.

"अहो, परवा तुम्हीच म्हणालात ना, की सगळे नळ एकाच वेळी उघडत नाहीत?"

"नळ उघडत नाहीत, साहेब. बस उघडते."

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी हॉटेलच्या व्यवस्थापकाला बोलावले आणि बस दोन खेपांत आणता येईल का, असे विचारले. व्यवस्थापक म्हणाले, "आणता येईल. पण दुसऱ्या खेपेत कोण बसणार, ते तुम्ही त्यांना सांगा." हा मार्ग तेथेच संपला.

"सहा इंची कुठून आणू?" साहेब म्हणाले. "कायमचे व्हायचे आहे ना तुम्हाला? मग नुसता रोग सांगू नका."

औषध मला अर्धेच सुचले होते. उरलेले मिस्त्रींबरोबर स्टोअरच्या अंगणात, पाइपांच्या ढिगावर बसून सुचले. तीन इंची पाइप आमच्याकडे मोजका होता, पण अडीच इंची भरपूर पडून होता.

"एकाच नळीतून तिघांना कावून पाजता?" मिस्त्री म्हणाले. "घरी तीन लेकरं असले तं तीन गिलास देतो ना आपण."

मी नव्याने हिशेब मांडला. टब आता शक्यतेवर सोडले नाहीत. सगळे एकदम वाहतात असे धरून त्यांचे पाणी पूर्ण मोजले. बेसिन आणि फ्लश यांना मात्र लोडिंग युनिटांचाच नियम ठेवला, कारण दात घासायला कोणी बसने येत नाही. टाकीपासूनच प्रत्येक मजल्याला वेगळा पाइप. खालच्या दोन मजल्यांना अडीच इंची, कारण टाकी उंचावर असल्याने तेथे दाब मिळतो. आणि दाबाची चणचण असलेल्या वरच्या मजल्याला सगळा तीन इंची. खालच्यांनी कितीही ओढले तरी वरच्यांच्या पाइपला धक्का लागायचा नाही.

साहेबांनी कागदावर सही केली, पण वर शेरा मारला: गिलाव्यापूर्वी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. सगळे टब एकाच वेळी.

त्या चाचणीसाठी अठ्ठेचाळीस माणसे गोळा करणे हे पाइपापेक्षा अवघड निघाले. गवंडी, सुतार, माळी, चौकीदार, स्टोअरचे कारकून, साहेबांचा ड्रायव्हर, सगळे प्रत्येकी एका टबाशी उभे केले. वरच्या मजल्यावरच्या सर्वांत टोकाच्या खोलीत, जिथे पाणी शेवटी पोचते, तिथे मी उभा राहिलो. ती जागा मला कोणी दिली नव्हती, घ्यावीच लागली. मिस्त्री जिन्यात शिट्टी घेऊन बसले.

"मास्तर, नाही आलं पाणी तं तुमी नागपूरले जाता का?"

"जावंच लागेल."

"मग येतेच," ते म्हणाले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

सगळ्या इमारतीत एकदम खळखळ सुरू झाली. माझ्या नळाने आधी हवा टाकली, मग तो खाकरला, थोडे तांबूस पाणी ओकला आणि मग थांबल्यासारखा झाला. त्या क्षणी मला पत्नीचा चेहरा आठवला, आणि तिचे सगळे सामानही. मग धार आली. तळमजल्यावर पडत असेल तेवढी दणदणीत नव्हे, पण अंगठ्याएवढी जाड आणि न तुटता पडणारी. मी नळाखाली बादली धरली आणि घड्याळाकडे पाहिले. बादली हिशेबापेक्षा थोड्या उशिरा भरली. तेवढा उशीर कोणत्याही तज्ज्ञाने सहन केला असता.

साहेब स्वतः जिने चढून आले. त्यांनी धारेखाली हात धरला आणि बाहेर कानोसा घेतला. नळ बंद करण्याची दुसरी शिट्टी वाजली होती, तरी खळखळ थांबत नव्हती. बाहेर वैशाख पेटला होता. दोन खोल्या सोडून आमचा माळी कपड्यांसकट टबात बसला होता, आणि समोरच्या खोलीतला गवंडी, आपण पाय तेवढे धुतो आहोत, असे सांगत गुडघ्यापर्यंत उतरला होता. मिस्त्री शिट्टी फुंकून दमले. "काय सांगू साहेब, हे कोणी बंदच नाही करून राहिले," ते जिन्यातून ओरडले.

साहेब हसले नाहीत. रुमालाने हात पुसत त्यांनी मला विचारले, "क्वार्टरचा अर्ज केला आहे का?"

"नाही, साहेब. अजून कायम नाही मी."

"करा. ते दुमजली ब्लॉक तयार होत आहेत. कोणता मजला लिहू?"

आयुष्यात कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मी इतक्या तत्परतेने दिले नव्हते.

"तळमजला," मी म्हणालो.