तुपाची बेरीज

आमची लेक नववीत, कबड्डीची वेडी आणि अंगाने काडी. सरावात चक्कर येऊन पडली, तेव्हा सरांनी सांगितलं, "वजन वाढेपर्यंत संघात नाही." त्या रात्री ती जेवलीच नाही. मला सरांचा राग आला, पण खरं तर भीतीच जास्त वाटत होती.

रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. मग आहारतज्ज्ञ बाईंनी रोजच्या जेवणावर एक जादा ग्लास सांगितला: मोठा पेलाभर साईसकट दूध, एक केळं, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि दोन छोटे चमचे तूप, सगळं मिक्सरमधून. साधारण सहाशे कॅलरी. त्यात सोळा ग्रॅम प्रथिनं, चव्वेचाळीस ग्रॅम कर्बोदकं आणि चाळीसेक ग्रॅम स्निग्धांश.

आमचे हे गणिताचे मास्तर. आकडे ऐकले आणि यांच्या अंगात आलं.

"अगं, प्रथिनाच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, कर्बोदकाला चार आणि तुपाला नऊ! मग दाणे कशाला भाजत बसायचं? तूपच वाढवू की!"

"अहो, पण बाईंनी सांगितलंय ना..."

"बेरीज तेवढीच येते."

दाणे गेले, तूप सहा चमचे झालं. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कढवलेल्या लोण्याचा वास दरवळायला लागला. क्लासवरून आली की जेवणाच्या तोंडावर लेक नाक दाबून तो ग्लास संपवायची आणि भाकरीकडे बघून म्हणायची, "आई, आता नको गं." महिन्याने काटा होता तिथेच. ती खोलीत जाऊन रडली. हे परत बेरीज करत बसले.

परत गेलो, तर सगळं ऐकून आहारतज्ज्ञ बाई पोट धरून हसल्या. "मास्तर, बेरीज बरोबर आहे तुमची. पण प्रथिनं सोळाची नऊवर आली, मग स्नायू कशाचे व्हायचे? आणि एवढ्या तुपाने पोट जड झालं, जेवण सुटलं. जादा काय राहिलं?" यांनी बेरजेचा कागद घडी घालून खिशात टाकला. फार बरं वाटलं.

दाणे परत आले. तूप दोन चमच्यांवर आलं आणि ग्लास शाळेतून आल्या आल्या मिळू लागला. रात्री भाकरी, आमटी, वर दह्यात कालवलेली शेंगाचटणी. काटा हळूहळू हलला आणि सर एकदाचे हो म्हणाले.

पहिल्याच सामन्यात तिची चढाई. तीन दांडग्या मुलींनी तिला धरून आडवी केली. मी यांचा हात घट्ट आवळला. ती उठते की नाही, एवढंच बघत होते. ती उठली, गुडघे झटकले आणि थेट पंचांकडे गेली. "सर, माझा हात रेषेला लागला होता की!" चांगली ठणठणीत भांडत होती. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवायला लागले. बाजूची बाई म्हणाली, "अहो, बाद झाली ती."


"व्हय, झाली की," मी म्हणाले आणि टाळ्या वाजवतच राहिले.