न निघालेला डाग

लॉजची मालकीण साऱ्या गल्लीची ताई, पण कामाच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय नाही करायची. एक पाहुणी खोली सोडून गेली आणि मागे दिसलं, चादरीवर चहा सांडलेला, टॉवेलला केसांचा कलप लागलेला. काउंटर सांभाळणाऱ्या धाकट्या भावाने तावातावाने पत्र खरडलं: दोन्हींचे पैसे भरा, नाहीतर इथे परत पाय ठेवू नका.

ताईने ते वाचून टराटरा फाडलं. "आधी धुऊन बघ. न धुताच पैसे मागायला आपण काय वाटमारे आहोत?"

चादर भिजवून धुतली, तशी लख्ख निघाली. कलप मात्र हटेना. मग तिने स्वतः लिहिलं: "आपण आमच्याकडे राहिलात, आनंद वाटला. टॉवेलवरचा कलपाचा डाग धुऊनही निघाला नाही, फोटो सोबत आहे. टॉवेल वापरातला होता, म्हणून नव्याची निम्मीच किंमत लावली आहे. तेवढी मात्र भरावी लागेल. शंका असल्यास मला फोन करावा."

पाहुणीने पैसे पाठवले, वर चादरीचेही. सोबत लिहिलं, "चहाही मीच सांडला होता. तुमच्या नजरेतून सुटलं वाटतं."

भावाची कळी खुलली. "घरी चालत आलेले पैसे आहेत, ताई. ठेवून घेऊ."

ताईने चादरीचे पैसे त्याच दिवशी परत केले आणि खाली लिहिलं, "आमच्या नजरेतून काही सुटत नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा तीच चादर अंथरेन. डाग शोधून दाखवा."