पहिल्या दिवसाच्या फोटोखालची ओळ

नांदेडच्या भाग्यनगरातल्या एका अभ्यासिकेत लिंबाजी सकाळी कुलूप काढायचा आणि रात्री लावायचा. त्या बदल्यात कोपऱ्यातली एक खुर्ची त्याला फुकट मिळाली होती. तो मूळचा किनवटकडचा. बायको उज्ज्वला तिकडेच शिवणकाम करायची. वय सदतीस. आणखी काही महिन्यांनी त्याला सरकारी परीक्षांना बसता आलं नसतं. पोरं त्याला भाऊ म्हणत.

अभ्यासिकेत एक रीत पडली होती. ज्याची निवड व्हायची तो नोकरीच्या पहिल्या दिवशी फोटो काढायचा आणि काही न लिहिता लिंबाजीला पाठवायचा. फोटोखाली काय लिहायचं ते लिंबाजी ठरवायचा. स्वतःचं स्वतः कुणी लिहायचं नाही. आधी एकाने लिहिलं होतं, ‘अखेर स्वप्नपूर्ती! संघर्षाला सलाम!’ आणि गावाकडच्या चुलत्याने खाली विचारलं होतं, ‘कंचा संघर्ष? रान तर आमी नांगरलं.’

लिंबाजीची पद्धत ठरलेली होती. ‘अखेर’ने सुरुवात करायची नाही, जगाने आपलं देणं उशिरा फेडल्यासारखं वाटतं. पदाचं नाव आहे तेवढंच लिहायचं. लिपिकाने ‘प्रशासकीय सेवा’ म्हणायचं नाही. साहेबाच्या खुर्चीत बसलेला फोटो टाकायचा नाही. ओळखपत्रावरचा नंबर झाकायचा. ‘मी तर काहीच नाही’ हे कधीच लिहायचं नाही. त्यातून, मला मोठं म्हणा, एवढंच ऐकू येतं. आभाराला नावं घेतली की राहिलेला माणूस दुखावतो, म्हणून नावं नाहीत. आनंद एका ओळीत, भीती एका ओळीत, आणि दोन्ही त्या दिवशी खरोखर घडलेल्या गोष्टीतून. त्यासाठी तो आधी फोन करून विचारायचा. सकाळी उठून काय केलंस? पहिल्यांदा कोण बोललं? हात कुठं होते?

आरती लातूरला नर्स म्हणून लागली तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘आज वॉर्डात पहिला दिवस. कडक इस्त्रीचा गणवेश घालून आईला व्हिडिओ कॉल केला. सलाईन लावताना शीर दुसऱ्या खेपेला सापडली. मोठ्या सिस्टरांनी बाटली धरली. शिकते आहे.’ त्या वॉर्डातल्या सिस्टरनेही तो मजकूर आपल्या स्टेटसला ठेवला होता.

या खेपेला कनिष्ठ लिपिकाच्या भरतीत लिंबाजीचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. निवड झालेल्यांपैकी कुणी मुदतीत रुजू झालं नाही, तर ती जागा त्याची. बाकी सगळे रुजू झाले होते. उरला होता एक मल्लेश, नांदेडजवळच्या मुदखेडची जागा मिळालेला. मल्लेश देवणीचा, लिंबाजीच्या शेजारच्या खुर्चीत बसून शिकलेला. त्याची लातूरच्या दुसऱ्या एका खात्यातही निवड झाली होती. देवणीच्या माणसाला लातूर जवळचं. तो तिकडेच जाणार असं सगळे धरून चालले होते. मल्लेशला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी लिंबाजीच्या मोबाइलवर फोटो आला. इन केलेला पांढरा शर्ट, हातात पेन, चेहरा ताठ. मागच्या पाटीवर कार्यालयाचं नाव होतं आणि त्याखाली, मुदखेड.

लिंबाजीने फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा लहान केला. पंख्याचा आवाज येत होता. आपल्याला काही वाटतंय का, हे तो थोडा वेळ पाहत राहिला. मग बाहेर जिन्यात जाऊन त्याने फोन लावला.

“भाऊ,” मल्लेश म्हणाला.

“सकाळी उठून काय केलंस?”

“भाऊ, शिवकांता नांदेडच्या दवाखान्यात कामाला हाय. लातूरला गेलो असतो तर घर दोन जागी झालं असतं. तुमाला सांगायचं सांगायचं म्हणून…”

“बायकोपाशी राहावं माणसानं. मी काय इचारलं? सकाळी काय केलंस?”

“अंघोळ केली.”

“अन्?”

“पुन्ना केली. शिवकांता म्हणली, अवो, एकदा झाली की तुमची.”

“हात कुठं होते?”

“खिशात. टेबल दिलं, पण त्याच्यावर कुणाचा तरी डबा होता. सरकवायची हिंमत झाली न्हाई. बाजूला कागद ठेवून जावक पत्रांच्या नोंदी केल्या. हे लिवू नका भाऊ. नका लिवू. काईच टाकत न्हाई मी.”

“गावात काय सांगशील मग? टाकायचं असतं.”

लिंबाजीने जिन्यातच मजकूर टाइप करून पाठवला. थोड्या वेळाने मल्लेशने फोटो स्टेटसला टाकला. खाली होतं, ‘आजपासून मुदखेडला कनिष्ठ लिपिक. टेबलावर कुणाचा तरी डबा होता, तो सरकवायचं धाडस झालं नाही. जावक नोंदणी शिकतो आहे. चुकलो तर सांगा. सर्व लिंबाजीभाऊंची कृपा.’

आनंदाची ओळ त्याने काढून टाकली होती. शेवटची स्वतः जोडली होती.

लिंबाजीने पुन्हा फोन लावला. मल्लेशचा आवाज पडलेला होता.

“बाबाचा फोन आला होता देवणीहून. म्हणले, काय रे, नोकरी लागली का गेली? त्वांड असं कशापाई करून ऱ्हायलास?”

“बरोबर म्हणले. आनंद कुठाय?”

“कसा लिवू भाऊ? तुमी वाचणार.”

“मी वाचणार, हाव. म्हाताराबी वाचणार. त्यानं काय पाप केलं? आनंद काढला की नुसती भीती ऱ्हाते. लोकं म्हणतील, नको होती तर घेतली कशाला. मंग माझ्या मनाला काय सांगू मी, ज्याला नको होती त्याला मिळाली?”

लिंबाजी जिन्याची एक पायरी खाली उतरला.

“अन् माझं नाव काढ. नाव दिसलं की यादी आठवते लोकांना. माझी कीव करायला मोकळे.”

“भाऊ, तुमी शिव्या तरी द्या.”

“जावक लिहिताना तारीख आधी टाकत जा. ते स्टेटस काढ, अन् मी पाठवलं ते टाक. पुरं.”

स्टेटस गेलं आणि नवीन आलं. ‘आजपासून मुदखेडला कनिष्ठ लिपिक. आनंद इतका, की सकाळी दोनदा अंघोळ केली. टेबलावर कुणाचा तरी डबा होता, तो सरकवायचं धाडस झालं नाही. जावक नोंदणी शिकतो आहे. चुकलो तर सांगा.’ अभ्यासिकेच्या ग्रुपवर हसण्याची चिन्हं येऊ लागली. कुणीतरी लिहिलं, ‘मल्लेशअप्पा, उद्या तीनदा करा.’ देवणीहून त्याच्या बापाने दोन जोडलेले हात पाठवले. डबा ज्याचा होता त्या कारकुनाने लिहिलं, ‘माझा होता. उद्या मिळून खाऊ.’

लिंबाजी खुर्चीत येऊन बसला. समोर पुस्तक उघडं होतं, ते त्याने मिटलं नाही आणि वाचलंही नाही.

संध्याकाळी उज्ज्वलाचा फोन आला. रोज याच वेळी ती यादीचं विचारायची. मल्लेशचा नंबर तिच्याकडेही होता.

“मल्लेशभावजीचं बघितलं,” ती म्हणाली. “दोनदा अंघोळ. लई हासले मी. तुमीच लिवलं ना?”

“हाव.”

मशीन थांबल्याचं त्याला ऐकू आलं.

“मुदखेड म्हंजे तीच जागा?”

“तीच.”

“मंग आपलं?”

“आपलं न्हाई आता.”

तिने मशीन दोन टाके चालवून पुन्हा थांबवलं. मग म्हणाली, “तुमाला कसं वाटायलंय?”

लिंबाजीने विचार केला. दुसऱ्यांना तो हेच विचारायचा, पण वेगळ्या शब्दांत, हात कुठं होते असं. त्याचा एक हात फोनवर होता. दुसरा टेबलावर नुसता पडला होता.

“काई न्हाई वाटत,” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. “रविवारी येताव का?”

“येतो.”