आईला उचलता आलं

जिमला आज महिना झाला. घरच्या वजनकाट्यावर उभी राहिले, तर अर्धा किलो वाढलेलंच! महिनाभर घाम गाळून हे फळ. जिममधली ट्रेनर मुलगी गुजराती आहे, माझ्या निम्म्या वयाची. तिला सांगितलं तर हसली. म्हणाली, "बेन, कांटो भूली जाव." काटा विसरा. नवीन व्यायामाने स्नायू पाणी धरून ठेवतात म्हणे. आणि पहिल्या महिन्यात स्नायू फारसे वाढतच नाहीत, आहेत त्यांनाच कामाला लावायला मेंदू शिकतो. म्हणजे इतकी वर्षं माझे स्नायू फुकट बसून खात होते!

पण फरक पडलाय, खोटं कशाला बोलू? परकर कमरेत सैल आणि ब्लाउज दंडात घट्ट झालाय. गॅसचं सिलिंडर मीच सरकवते. लिफ्ट बंद पडली तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत धाप लागत नाही. झोप तर अशी, की अलार्मही ऐकू येत नाही.

मी काही बारीक व्हायला गेले नव्हते. मी गेले आईसाठी. दिवाळीनंतर ती न्हाणीघरात पडली. मला तिला उचलता येईना. शेवटी खालच्या वॉचमनला आणि समोरच्या भाईंना हाक मारली. अंगावर ओला टॉवेल, आणि दोन परके पुरुष तिला धरून उभं करतायत. दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीत अख्खा जन्म पदर सावरून काढलेली बाई! त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पुण्याहून भावाचा फोन आला, "ताई, तुला एकटीला जमायचं नाही. पुन्हा पडली तर तिला वृद्धाश्रमात ठेवू." मी म्हटलं, "जमवते की नाही बघ."

ट्रेनरने पहिल्याच दिवशी विचारलं, काय करता यायला हवंय? म्हटलं, माणूस उचलायचाय. मग तिने डेडलिफ्ट शिकवली. पायांत खांद्यांइतकं अंतर, कुल्ले मागे ढकलायचे, पाठ सरळ, श्वास पोटात भरून धरायचा, वजन नडगीला चिकटून वर आणायचं. कमरेने ओढायचं नाही, पायांनी जमीन खाली दाबायची. आठ वेळा उचलून थांबायचं, आणखी दोनदा उचलता येईल एवढी ताकद शिल्लक ठेवून. ते सोपं झालं की अडीच किलो वाढवायचं. मधे एक दिवस विश्रांती. बारा किलोवर माझे पाय लटपटत होते, परवा चाळीस उचलले.

शिवाय प्रत्येक जेवणात प्रोटीन हवं. म्हणून घरात रोज मूग, पनीर, घट्ट वरण. आई आपली वाटी माझ्या ताटात उपडी करायची. "घे गं, मेहनत तू करतेस. मला पलंगावर बसून काय लागतंय?" मी रागवायची, "आई, खा ना नीट!" आणि मग तिचंही मीच खायची. जिमवरून आलेली, भूक अशी लागलेली असायची की विचारू नका.

आज दुपारी आई पलंगाशी घसरून खाली बसली. मी कोणालाही हाक मारली नाही. तिच्यासमोर वाकले, कुल्ले मागे, पाठ सरळ, तिच्या काखेतून हात घालून श्वास धरला आणि उठले. ती आली की वर! एका झटक्यात. मला नाचावंसं वाटलं. भावाला आत्ताच फोन लावते, असंही वाटलं.

फोन हातात घेतला आणि ठेवला. चाळीस किलो उचलताना माझे दात आवळले जातात. आईला उचलताना मला काहीच झालं नव्हतं. आणि ती पडली तेव्हा दवाखान्यात तर तिचं वजन पन्नास भरलं होतं.

तिला काट्यावर एकटीला उभं राहता येत नाही, आधार दिला की आकडा खोटा पडतो. म्हणून आधी मी एकटी उभी राहिले. मग काटा पलंगाशी सरकवला, तिला मिठीत धरून उचललं आणि काट्यावर चढले. तिचे पाय अधांतरी. आकडा थांबेपर्यंत तिला धरून ठेवता आलं, हेही महिन्यापूर्वी जमलं नसतं. माझं वजन वजा केलं.

एकोणचाळीस.

अकरा किलो आई गेली, रोज माझ्यासमोर बसून जेवताना, आणि मी दंडाचं माप घेत बसले. उद्या डॉक्टरांकडे नेईन. ते काय म्हणतील याची मला भीती वाटते. कितीही वजनं उचलली तरी हे मला उचलता यायचं नाही.

मिठीत लटकलेलीच होती, तेव्हा तिने माझ्या दंडावर हात फिरवला. खूश होऊन म्हणाली, "अगंबाई! किती ताकद आली गं तुला."

"हो आई," मी म्हटलं.