एकोणीस मोऱ्या, एकतीस विहिरी

माझी मुलगी सुमंगला स्वतःबद्दल बोलत नाही, ही काळजी मला ती बालवाडीत होती तेव्हापासून आहे. शर्यतीत पहिली आली तर घरी येऊन म्हणाली, "आज शाळेत पळवलं." कप दुसऱ्या दिवशी दप्तरात सापडला, त्यात अर्धा पराठा. आता ती चोवीस वर्षांची आहे आणि इंग्लंडातल्या एका विद्यापीठाने तिला सांगितलं आहे की स्वतःबद्दल पाचशे शब्द लिहा. पाचशे! चोवीस वर्षांत मिळून तिने तेवढे वापरले नसतील.

तिला भूजल शिकायला जायचं आहे. मार्क आहेत, शिक्षकांची शिफारसपत्रं गेली आहेत. राहिलं होतं ते हे निवेदन: तुम्ही काय केलंत, हाच विषय का, आमच्याकडेच का. जागा थोड्या, अर्ज जगभरातून. तिचे सर तिला म्हणाले होते, "पहिल्या दोन वाक्यांत कळलं पाहिजे की तू कोण. वाचणारा माणूस दिवसाला असे चाळीस कागद वाचतो."

महिन्यापूर्वी तिने पहिला मसुदा मला दाखवला. सुरुवात अशी होती: 'तिरल्याजवळच्या एका गावात दोन विहिरी चाळीस पावलांवर आहेत. एक जानेवारीत आटते, दुसरी मेपर्यंत पुरते. असं का, हे मला अजून नीट सांगता येत नाही, आणि तेच शिकण्यासाठी हा अर्ज आहे.'

मी इंग्रजी साहित्यात बी.ए. आहे, इंदूरहून. मला ते फारच रुक्ष वाटलं. मी पेन घेतलं आणि वर एक वाक्य घातलं: 'अगदी बालपणापासून पाण्याने माझ्या मनाला मोहिनी घातली आहे.' विहिरी पाठवल्या तिसऱ्या परिच्छेदात.

"छान आहे, आई," सुमी म्हणाली. एवढंच.

मग ते थोरल्या भावजींच्या हाती पडलं. आमच्या घरात कुठलाही महत्त्वाचा कागद बाहेर जाण्याआधी उदाजीराव भावजींसमोर मोठ्याने वाचला जातो. मुलीचा बायोडेटा असो की वीजमंडळाकडची तक्रार. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"इंदू, यात आपण कुठे आहोत?"

"आपण म्हणजे?"

"आपण म्हणजे आपण! पवारांबरोबर धारला आलो ते! कोणाची कोण, हे न सांगता थेट विहिरीत उडी?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेत एक पिवळा कागद आहे. त्यांचे आजोबा कृष्णराव यांनी १९०७ साली धारच्या पवार दरबाराकडे केलेला अर्ज. पुण्याला पाठवून इंजिनिअरी शिकवावी म्हणून केलेला, आणि मंजूर झालेला. "त्यांनी आधी सात पिढ्या लिहिल्या, मग मागणं मागितलं. म्हणून दरबाराने पाठवलं. असा अर्ज लिहितात."

दर दसऱ्याला त्या कागदाला हार घालतात आणि भावजी त्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणतात. कागद मोडीत आहे आणि मोडी आमच्यात कोणालाच येत नाही, ही गोष्ट आजवर कोणाच्या आड आली नव्हती.

सुमीने बिचारीने पाचशेपैकी एकशेऐंशी शब्द सात पिढ्यांना दिले. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पोरगी कोणत्या पानावर येते?" पण भावजींना आणखी हवं होतं: आजोबांचे मूळ शब्द, जसेच्या तसे, इंग्रजीत. देवासला मोरोपंत म्हणून एक गृहस्थ आहेत, जुन्या दप्तरात नोकरी झालेली, मोडी सरसर वाचतात. सुमीला विहिरींचं पाणी मोजायच्या कामासाठी उद्या बागलीला जायचंच होतं आणि देवास वाटेत. तेव्हा आज सकाळी भावजी, मी, सुमी आणि रजईत गुंडाळलेली ती फ्रेम, असे गाडीने निघालो.

मोरोपंतांनी काच काढायला लावली, चष्मा बदलला.

"वरती 'श्री'. मग विनंती. 'धारेहून निघणाऱ्या सडकेखाली पाण्याच्या एकोणीस मोऱ्या आहेत. पैकी सात गेल्या पावसाळ्यात फुटल्या. त्या आम्ही स्वतः उभे राहून दुरुस्त करविल्या; चार यंदा टिकल्या. तीन का टिकल्या नाहीत हे समजत नाही. ते समजावे म्हणून पुण्यास शिकण्यास पाठवावे.' खाली सही."

"आणि वंशावळ?" भावजींनी विचारलं.

"वंशावळ नाही."

"मागच्या बाजूला असेल."

मोरोपंतांनी कागद उलटला. "मागे मोऱ्यांचं कोष्टक आहे."

"पंत, नीट बघा. सात असतील."

"सात आहेत ना. फुटलेल्या."

सुमी खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. मी तिला चिमटा काढला आणि मग मलाच तोंडाला पदर लावावा लागला. साठ वर्षं आम्ही गटारांच्या हिशेबाला झेंडूचा हार घालत होतो.

भावजींनी फ्रेम पुन्हा रजईत गुंडाळून स्वतःच गाडीत ठेवली. चहाच्या टपरीवर टपरीवाला म्हणाला, "भिया, समोसा गरम हे," तर त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग एकदम म्हणाले, "सुमे, तुझ्या विहिरी किती?"

"एकतीस, काका."

"दर किती दिवसांनी मोजतेस?"

"पंधरा. दोन वर्षं झाली."

"मग? त्याचं काय झालं?"

"एका गावात अकरा जणांनी गव्हाऐवजी हरभरा पेरला. पाणी किती उरणार ते मोजणीवरून काढलेल्या नकाशावर त्यांना दिसत होतं. तिघांचं पाणी यंदा एप्रिलपर्यंत पुरलं."

हे मला माहीत नव्हतं. मी तिची आई! मला एवढंच माहीत होतं की ती विहिरीवर वाकते, आणि दोरी धरायला कोणी असतं की नाही याने माझी झोप जाते.

भावजींनी समोसा घेतला. "काढ त्या सात पिढ्या," ते म्हणाले. "विहिरी घाल. आकड्यांसकट. आजोबांनी घातले होते तसे." आणि टपरीवाल्याला, अभिमानाने: "आमच्या घरात ही पद्धतच आहे."

सुमी देवासला तिच्या आत्याकडे, नर्मदाबाईंकडे राहिली. आम्ही फ्रेम घेऊन धारला परतलो. अर्ज आजच जायचा आहे. तिथली मध्यरात्र, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. तिने शेवटचा मसुदा फोनवर पाठवला आहे, पहाटे पाचला उठून अर्ज धाडणार आहे. सात पिढ्या गेल्या. हरभरा आला, एकतीस आले, तिथले कोणते सर खडकातल्या पाण्यावर काम करतात तेही आलं. चारशे अठ्ठ्याण्णव शब्द. आणि सर्वात वर, जसंच्या तसं: 'अगदी बालपणापासून पाण्याने माझ्या मनाला मोहिनी घातली आहे.'

भावजींच्या सात पिढ्या काढल्या तिने, कारण भावजींनीच सांगितलं. माझं वाक्य काढायला कोणी सांगितलं नाही. ती स्वतःहून सांगणार नाही. ते तसंच जाईल, आणि चाळीस कागद वाचून थकलेला माणूस तिथेच थांबेल.

मोहिनी! ही मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत आंघोळीच्या वेळी गच्चीवर पळायची. बादली घेऊन वर मी जायची.

साडेअकरा वाजून गेलेत आणि सुमीचा फोन बंद लागतोय. नर्मदावन्सं दहाला झोपतात आणि फोन वाजला की आधी कोण गेलं ते विचारतात. विचारू देत. सांगेन, कोणी गेलं नाही, माझं एक वाक्य जायचं आहे, सुमीला उठवा.