जखम कोण पाहतंय?

मिसबाहचे वडील रमजानचाचा धुळ्यात गाद्या भरायचे. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, गादी उसवलीय, किती दिवस लागतील? चाचा म्हणायचे, आणून दाखवा, मग सांगतो. मिसबाह लहानपणी दुकानात बसून टाके मोजायची. पुढे ती नर्स झाली. मी मराठीत एम.ए. झालो. अकरावी-बारावीला आम्ही एकाच बाकावर होतो, म्हणून ओळख टिकली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या रुग्णालयाने ऑपरेशन होऊन घरी गेलेल्यांसाठी एक फोन सुरू केला. जखम लाल दिसली, टाक्यांतून पाणी आलं, तर लोकांनी कुणाला विचारायचं? मिसबाहला विचारायचं. काचेच्या छोट्या खोलीत ती सकाळी आठ ते चार बसते. फोन वाजला की आधी पंखा बंद करते. समोरच्याचा श्वास ऐकू यावा लागतो, म्हणते.

प्रश्नांची यादी डॉक्टरांनी इंग्रजीत दिली होती. मराठी करायचं काम तिने मला मिळवून दिलं. ऑपरेशन कोणतं, कितवा दिवस? लाली टाक्यांच्या कडेलाच आहे की पसरतेय? पेनाने कड आखून ठेवली तर ती रेघ ओलांडते का? पाणी पातळ आहे की पू, वास येतो का, किती येतं? ताप १००.४ किंवा जास्त आहे का? दुखणं कमी होतंय की वाढतंय? साखरेचा आजार आहे का? कड उघडलीय का, आतलं काही दिसतं का? उत्तरांवरून तीन वाटा होत्या. घरीच लक्ष ठेवा. आजच दाखवायला या. आत्ता, अँब्युलन्सने या.

मिसबाहला पहिला प्रश्न वेगळा हवा होता. "जखम आत्ता कोण पाहतंय? फोन त्यालाच द्या." मी तो काढून टाकला. मूळ यादीत तो नव्हता, आणि मला तो जरा उद्धट वाटला. फोन करणारा काळजीनेच करतो, त्याला असं दारातच कशाला अडवायचं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, लेखकसाहेब." मग तिने तो चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला. प्रत्येक फोनला आधी तोच विचारायची. तो तिला का हवा होता, ते मी विचारलं नाही.

मागच्या माघात माझ्या आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन त्याच रुग्णालयात झालं. पोट उघडून. आईला साखर आहे. पाचव्या दिवशी आम्ही तिला सोनगीरला घरी आणलं. कुंदामावशी तिच्याजवळ राहायला आली. पट्टी बदलायची ती, दार लावून. मी ओसरीवर थांबायचो. आमच्याकडे मुलगा आईचं पोट बघत नाही. कुणी तसं सांगावंही लागत नाही.

आठव्या दिवशी दुपारी मावशी दारात आली. म्हणाली, पाणी येतंय, जरा विचार. आई आतून म्हणाली, थोडंसं आहे, परत दवाखाना नको. तिथे वॉर्डात सगळ्यांसमोर लुगडं सोडावं लागायचं, ते तिला नको होतं. गाडी करा, रांगेत उभं राहा, हे माझ्याही जिवावर आलं होतं.

मी मिसबाहला फोन लावला. यादी मला पाठ होती. कोणत्या उत्तराने कोणती वाट उघडते, हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. तिने पहिला प्रश्न विचारला.

"जखम तू पाहिलीस?"

"हो," मी म्हणालो.

पुढचे प्रश्न आले. लाली कडेलाच. वास नाही. ताप नाही, तो मावशीने सकाळी मोजला होता. पाणी किती, यावर मी म्हणालो, चार थेंब. रंग, फिकट. एकेक उत्तर मी घरच्या वाटेवर ठेवत गेलो.

तिकडे पंखा बंद होता.

"नवल, टाके किती आहेत?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, असतील दहा-बारा.

"टाके नाहीत. दोऱ्याऐवजी स्टीलच्या पिना मारल्यात. मीच डिस्चार्जच्या दिवशी पाहिल्या होत्या," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मावशीला दे."

मी फोन स्पीकरवर ठेवून दारातून आत दिला आणि तोंड फिरवलं. मावशी म्हणाली, "बठ्ठं फडकं वलं व्हयी गयं, पोरी. गुलाबी पानी शे." सगळं फडकं भिजलं होतं; मी चार थेंब सांगितले होते. मग तिने सांगितलं की आई सकाळी जोरात खोकली, तेव्हा आत काहीतरी सरकल्यासारखं झालं होतं. आईने ते कुणाला सांगू दिलं नव्हतं. मिसबाहने विचारलं, कड उघडलीय का? खाली बोटभर उघडलीय, मावशी म्हणाली. आतडं काही बाहेर दिसतं का? नाही.

मिसबाह सावकाश बोलू लागली. आईला पाठीवर निजवा, गुडघे दुमडून ठेवा, उठू देऊ नका. दवाखान्याने दिलेल्या पाकिटातली स्वच्छ पट्टी वर ठेवा. दाबू नका, हळद नको, पावडर नको. पाणीसुद्धा पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. आतलं काही बाहेर आलं तर आत ढकलू नका, लगेच मला सांगा. एकशे आठला मीच सांगते, फोन ठेवू नका. बाहेरून पिना दिसतात तेवढ्यावर जाऊ नका, ती मावशीला म्हणाली, एका आठवड्यानंतर असं गुलाबी पाणी एकदम आलं तर आतली शिवण सुटलेली असू शकते.

यादीखालच्या सूचनांतलं हे वाक्य मीच मराठीत लिहिलं होतं. त्याचे पैसेही घेतले होते.

अँब्युलन्स पंचवीस मिनिटांनी आली. तोवर मिसबाह फोनवर होती. आई तिला म्हणत होती, "पोरी, तुला उगाच त्रास." माझ्याशी दोघीही बोलल्या नाहीत. आतली शिवण सुटलीच होती. संध्याकाळी आईला पुन्हा शिवलं.

दुसऱ्या दिवशी मी काचेच्या खोलीत गेलो. तिची नोंद स्क्रीनवर होती. 'पहिली उत्तरे मुलाने जखम न पाहता दिली.' प्रत्येक फोनची नोंद महिन्याच्या बैठकीत वाचली जाते. मी म्हणालो, ते 'न पाहता' काढता येईल का? विचारल्यावर लगेच वाटलं, विचारायला नको होतं.

तिने काढलं नाही. ओरडलीही नाही. तिने मला एक जुनी नोंद दाखवली. फोन सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातली, साक्रीकडची. बाईचं सिझर झालेलं, फोन नवऱ्याचा. त्याने सगळ्याला नाही म्हटलं, मिसबाहने घरीच लक्ष ठेवा असं सांगितलं. तीन दिवसांनी बाई आली तेव्हा पू पोटभर पसरला होता. बाई वाचली, पण महिनाभर आयसीयूत होती. तो नवरा गल्लीत उभा राहून बोलत होता. बायको घरात होती.

"मी त्याला विचारलंच नव्हतं, तू कुठे उभा आहेस," मिसबाह म्हणाली.

तेव्हा आमची मराठी यादी तयार होत होती. तिने मला हे सांगायला हवं होतं, असं मला क्षणभर वाटलं. मग आठवलं, तिने प्रश्न सांगितला होता. मी तो उद्धट ठरवला होता.

यादी आता बदलली आहे. पहिला प्रश्न मी टाइप केला, तिच्याच शब्दांत. डॉक्टरांनी सही केली. त्याने मला फारसं बरं वाटलं नाही.

आईच्या सुट्टीच्या दिवशी मिसबाह वॉर्डात आली. घरी पट्टी कोण करणार, तिने विचारलं. मावशीला परत जायचं होतं. मग मी म्हणालो, मी. आईने तोंड भिंतीकडे केलं. मिसबाहने पडदा ओढला, हात धुतले, मलाही धुवायला लावले. पट्टी काढली. मी खिडकीकडे बघत होतो.

"इकडे बघ," ती म्हणाली. "आणि मोज."

मी बघितलं. मोजायला वेळ लागला. चौदा टाके होते. आईने तोवर भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.